सायकेडेलिक गाण्यांत डोकं गरगरतं ते नेमकं कशामुळे?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. परवा रात्री दोन वाजता, कामावरून आल्यावर, हेडफोन लावून बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐकलं. १९६६ चं गाणं, तीन मिनिटांचं. आधी शंभरदा तरी फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल पण हेडफोनवर अक्षरशः जमीन हलल्यासारखं झालं. एकच ड्रम धडधडतोय, पक्षी ओरडल्यासारखं काहीतरी डोक्यावरून जातंय आणि अर्ध्यानंतर लेननचा आवाज एकदम बदलतो, तोच माणूस विहिरीच्या तळातून गातोय असं वाटतं.

माझे प्रश्न असे. एक, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, मग हे केलं कसं? दोन, एलएसडीने मनाचं जे होतं तेच आवाजात आणायचं असा त्यांचा प्रयत्न होता म्हणतात, तर ते खरंच तसं होतं का, की आपल्याला इतक्या वर्षांत सवय लागलीय की असा आवाज आला म्हणजे 'ट्रिप' समजायचं? आणि तीन, मित्रांच्या बँडचा ऑगस्टमध्ये छोटा कार्यक्रम आहे, त्यात मागे ते तेलाचे हलते रंग दाखवायचेत. प्रोजेक्टरवर रेडीमेड व्हिडिओ लावायचा नाहीये, खरे रंग हवेत. कुणी केलंय का?

(मी काही घेतलेलं नाही आणि घेणारही नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.)

निनाद७८

सोपं आहे रे. लेननचा आवाज लेस्ली स्पीकरमधून काढला होता. हॅमंड ऑर्गनला जो लाकडी कपाटासारखा स्पीकर असतो, आत भोंगा गोल फिरतो, तो. लेननला म्हणे दलाई लामा डोंगरावरून पठण करतायत असं ऐकू यायला हवं होतं. पूर्ण गाणं त्या लेस्लीतून आहे. आणि ते पक्षी म्हणजे मेलोट्रॉन, टेपवर भरलेले आवाज वाजवणारा कीबोर्ड असतो तो. सोलो गिटार म्हणजे त्याच अल्बममधल्या 'टॅक्समन'चा सोलो उलटा वाजवलाय. झालं.

अंजुणकर

सायकेडेलिक म्हटल्यावर आमच्या अंजुणाचं नाव कसं नाही आलं अजून? नव्वदच्या दशकात आमच्या घरापासून दोन शेतं सोडून रात्रभर चालायचं, सकाळी शाळेत जाताना सुद्धा धप धप धप ऐकू यायचं. आजी म्हणायची ह्या लोकांच्या काळजाचे ठोके एवढे मोठ्याने कसे ऐकू येतात. ट्रान्सचे डीजे तेव्हा डॅट कॅसेटवर वाजवायचे, रेकॉर्ड उन्हात वाकायच्या म्हणून.

एकओळी

आजींना प्रणाम.

रात्रपाळी

@अंजुणकर भारी आठवण आहे, पण ट्रान्स वीस-पंचवीस वर्षं नंतरचं. मी रॉकबद्दल विचारतोय. डॅटवर वेगळा धागा काढाच, मी येईन वाचायला.

@निनाद पूर्ण गाणं लेस्ली? मला तर दोन वेगळे आवाज ऐकू येतात.

स्पूलवाले_काका

रात्रपाळी, तुझे कान बरोबर आहेत. मी मुंबईत चोवीस वर्षं रेकॉर्डिंगला होतो, त्यातली पहिली पंधरा टेपवर. निनादचं अर्धं बरोबर आहे. लेस्ली आहे, पण मधल्या वाद्यांच्या तुकड्यानंतर. त्याच्या आधी लेननचा आवाज 'एडीटी', म्हणजे आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग केलेला आहे, आणि ही युक्ती त्याच वसंतात अ‍ॅबी रोडच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड ह्या तंत्रज्ञाने काढली.

कारण फार माणसासारखं होतं. आवाज भरीव यावा म्हणून गायक एकच ओळ दोनदा गायचा आणि दोन्ही एकत्र करायचे. लेननला दुसऱ्यांदा गायचा कंटाळा. मग टाउनसेंडने काय केलं, ते नीट सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

टेप मशीनवर रेकॉर्डचं हेड आधी येतं आणि वाजवण्याचं हेड थोडं पुढे असतं. म्हणजे टेपवरची एकच जागा आधी पहिल्या हेडसमोरून जाते, मग दुसऱ्या. त्याने आवाज पहिल्या हेडवरूनच उचलला, म्हणजे तो 'वेळेच्या आधी' मिळाला. तो दुसऱ्या मशीनमध्ये घातला. तिथे रेकॉर्ड होऊन परत वाजेपर्यंत उशीर झाला आणि आधीची आघाडी भरून निघाली. आता दुसऱ्या मशीनचा वेग ऑसिलेटरने जरा कमीजास्त केला की तीच ओळ मूळ आवाजाच्या किंचित पुढे किंवा किंचित मागे सरकते. माणूस दोनदा गातो तेव्हा असंच होतं ना, कधी पुढे कधी मागे. सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांश भागाइतका फरक ठेवला की दोन माणसं गातायत असं वाटतं. त्याहून बराच जास्त केला की प्रतिध्वनी ऐकू येतो, आणि कमी करत आणला की आवाजाला वेगळाच पीळ पडायला लागतो. त्या पिळाबद्दल नंतर लिहितो, जेवायला हाक आली.

निनाद७८

काका, चूक मान्य. परत ऐकलं, पहिल्या भागात तो थरथरता आवाज नाहीये. पण पक्षी मेलोट्रॉनच ना?

स्पूलवाले_काका

नाही. मेलोट्रॉनची बासरी त्यात आहे, ती वेगळी. पक्षी म्हणजे मॅकार्टनीचं हसणं, वेग वाढवलेलं. ती टेपची वेटोळी होती. मॅकार्टनीच्या घरी ब्रेनेल कंपनीचं टेप रेकॉर्डर होतं, त्याचं पुसणारं हेड त्याने काढून टाकलं. मग टेपचा तुकडा गोल चिकटवून लावायचा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. पुसलं जातच नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत नवीन आवाज जुन्यावर बसत जातो आणि शेवटी तो कशाचा हे ओळखू येत नाही. अशी वेटोळी तो पिशवीत घालून स्टुडिओत घेऊन आला. शेवटी पाच वापरली.

आता गंमत बघ. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने चालणाऱ्या मशीनवर दोन सेकंदांचं वेटोळं हवं तर ७६ सेंटिमीटर टेप लागते. एवढी टेप मशीनवर मावत नाही, बाहेर लोंबते आणि ढिली पडली की आवाज डगमगतो. म्हणून ७ एप्रिल १९६६ ला इमारतीतल्या निरनिराळ्या खोल्यांतल्या मशीनवर वेटोळी लावली आणि प्रत्येकाजवळ एक माणूस पेन्सिल घेऊन उभा केला. पेन्सिलीवरून टेप ताणून धरायची. सगळे आवाज तारांवरून एका टेबलावर आणले आणि बटणं वरखाली करत जिवंत वाजवले. तो मिक्स पुन्हा तसाच करता येणार नाही असं जॉर्ज मार्टिन पुढे सांगायचे, आणि ते खरंच आहे, कारण कुठलं वेटोळं कुठल्या क्षणी कुठे असेल ह्यावर कुणाचा ताबाच नव्हता.

आमच्याकडे एकदा एका नाटकासाठी पावसाचं वेटोळं केलं होतं. पेन्सिल धरायला मी. जोड तिरका कापला नव्हता, सरळ कापला होता, त्यामुळे दर तीन सेकंदांनी 'टक्'. दिग्दर्शक म्हणाले हा पाऊस पागोळीचा आहे का. जोड नेहमी तिरका कापायचा, म्हणजे एक आवाज जाता जाता दुसरा येतो.

एकओळी

पेन्सिल धरणारा असिस्टंट ही पोस्ट परत चालू करा, मी अर्ज करतो.

निनाद७८

आणि टॅक्समनच्या सोलोचं काय? ते तरी सोडू नका.

स्पूलवाले_काका

ते मला पटत नाही. 'टॅक्समन'चं रेकॉर्डिंग २० एप्रिलला सुरू झालं, वेटोळी त्याच्या दोन आठवडे आधीची.

निनाद७८

पण काका २२ तारखेला ह्या गाण्यावर परत काम झालंय, आणि त्याच दिवशी टॅक्समनवरही. म्हणजे शक्यता राहतेच. मी दोन्ही सोलो उलटे करून शेजारी लावले, काही स्वर जुळतात, काही जुळत नाहीत.

स्पूलवाले_काका

जुळत नाहीत ते तू कमी मोजतोयस. असो.

सा_रे_मीरा

मी गाण्याची विद्यार्थिनी आहे, रॉकमधलं फार कळत नाही. पण धागा वाचून हे गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि एक गोष्ट लगेच टोचली. त्यात तानपुरा आहे! आणि पूर्ण गाणं एकाच षड्जावर उभं आहे, काळी-पांढरीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एक, म्हणजे 'सी' वर, मध्ये फक्त वरून एक कोमल निषादाची सावली येऊन जाते. म्हणजे तुम्ही ज्याला गरगरणं म्हणताय त्याचा निम्मा भाग मला तरी 'कुठेच न जाणं' वाटला. त्यांच्या कानाला गाणं म्हणजे कॉर्ड बदलत पुढे जाणारी गोष्ट. ती बदललीच नाही की त्यांना वेळ थांबल्यासारखा वाटत असणार. आम्हाला तानपुरा लागला की घरी आल्यासारखं वाटतं, मन जागेवर येतं. त्याच आवाजाला मन जागेवरून सुटल्याची खूण कुणी करावं हे मला जरा खटकलं, स्पष्ट सांगते.

रात्रपाळी

मीराताई, हे मी अजिबात विचारात घेतलं नव्हतं. पण त्यांनी आपल्या संगीताची टर उडवली असं नाही ना?

सा_रे_मीरा

टर नाही. पण ध्यान, मृत्यू, तिबेट, गोळी, तानपुरा सगळं एकाच गाठोड्यात बांधलं. गाण्याच्या शब्दांची सुरुवातच मुळी टिमथी लीअरी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या १९६४ च्या पुस्तकावरून घेतलीय असं वाचलं, आणि ते पुस्तक तिबेटी मृत्युग्रंथावर बेतलेलं. माझे गुरुजी तानपुरा जुळवायला पाऊण तास घ्यायचे, जवारीतला दोरा केसभर सरकवायचे. त्या पाऊण तासात काहीही धूसर नसतं, उलट कान टोकदार होतात.

एडिसनकर

मीराताईंच्या मुद्द्याला जोडून. त्याच अल्बममध्ये 'लव्ह यू टू' नावाचं हॅरिसनचं गाणं आहे, ह्याच्यानंतर पाचच दिवसांनी, ११ एप्रिलला रेकॉर्ड झालं. त्यात तबल्यावर अनिल भागवत आहेत आणि त्यांचं नाव अल्बमच्या मागच्या बाजूला छापलंय. मी इथे न्यू जर्सीत जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ते आडनाव वाचलं आणि उगाच ऊर भरून आला. तिथे तबला गुंगी आणायला नाही, नीट तबला म्हणून वाजलाय. एकाच आठवड्यात दोन्ही दृष्टी दिसतात.

लाटा_लाटा

रात्रपाळीच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मला अर्धशिशी आहे, दृष्टीवाली. डोकं दुखायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं दिसण्यात बिघाड होतो. आधी वाचताना एखादं अक्षर गायब होतं. मग तिथे करवतीच्या दातांसारखी चमकणारी वाकडी रेघ येते, इंग्रजी सी सारखी, आणि ती हळूहळू मोठी होत डोळ्याच्या कडेला जाऊन निघून जाते. डोळे मिटले तरी दिसते. म्हणजे कुठलंही औषध न घेता माझा मेंदू मला असली चित्रं दाखवतो.

त्या तेलाच्या रंगांचे व्हिडिओ पाहिले. सुंदर आहेत, पण माझ्या अनुभवाशी शून्य साम्य. माझ्याकडे मऊ, वाहतं काही नसतं, सगळं कोनांचं, जाळीचं, ठरावीक अंतराने लकाकणारं. हाइनरिख क्लूव्हर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मेस्कलिन घेतल्यावर दिसणाऱ्या आकारांची वर्गवारी केली होती, त्यात जाळ्या, बोगदे, वर्तुळाकार गुंडाळ्या आणि कोळ्याची जाळी असे चारच गट येतात. त्यात तेलाचा तवंग कुठेच नाही.

प्रयोगवेडा

पण लाटाताई, तेलवाल्यांना आकारांची नक्कल करायचीच नव्हती बहुतेक. स्थिर वस्तू श्वास घेतल्यासारखी हलायला लागते ती भावना हवी होती. भिंतच हलतेय असं वाटलं पाहिजे.

मी साताऱ्याजवळ शाळेत विज्ञान शिकवतो आणि हा प्रयोग केलाय, दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात. रात्रपाळी, नीट वाच, कारण माझी पहिली संध्याकाळ पूर्ण वाया गेली होती.

शाळेच्या कोठीत जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर पडला होता, पारदर्शक कागद ठेवून भिंतीवर दाखवायचो तो. तोच लागतो, आजचा चालत नाही, कारण सपाट काचेवर भांडं ठेवून खालून उजेड जायला हवा. अमेरिकेतले लोक घड्याळाच्या मोठ्या गोल फुगीर काचा वापरायचे. आपल्याला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या वॉच ग्लास मिळतात, हुबेहूब तोच आकार. एक मोठी, एक थोडी लहान.

पहिल्या संध्याकाळी मी गोडेतेल आणि खाण्याचा रंग घेतला. खाण्याचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तो तेलाच्या तळाशी लाल मण्यांसारखा गोळा होऊन बसला आणि भिंतीवर देवी आल्यासारखे ठिपके दिसले. शिवाय गोडेतेल स्वतःच पिवळट, त्यामुळे निळा टाकला तर हिरवट दिसे.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणलं, ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. तेलासाठी रंग मेणबत्त्या करणाऱ्यांकडून आणला, तो तेलातच विरघळतो. चिमूटभर रंग चमचाभर कोमट तेलात घोटून घेतला. पाण्यासाठी खाण्याचा निळा. मग मोठ्या काचेत दोन-तीन चमचे निळं पाणी, त्यावर अर्धा चमचा लाल तेल, आणि लहान काच त्यावर अलगद ठेवायची. ती जराशी दाबली की तेल पातळ पसरतं आणि रंग फिका होतो, सोडली की परत गोळा होतो. हाताने गोल फिरवली की तेलाची बोटं पाण्यात घुसतात. गाण्याच्या तालावर दाबायचं, बस. पाणी आणि तेल मिसळत नाहीत म्हणून कडा चाकूने कापल्यासारख्या स्पष्ट येतात, आणि त्याच्यातच सगळी मजा आहे.

बिघडतं कुठे ते सांगतो. तेल जास्त झालं की भिंत नुसती लाल होते, हालचाल दिसत नाही. रंग जास्त घट्ट झाला की उजेडच पार जात नाही, काळं दिसतं. आणि सात-आठ मिनिटांनी तेलाचे बारीक बारीक थेंब होऊन गढूळ होतं, तेव्हा ती काच काढून दुसरी तयार काच ठेवायची. मी चार जोड्या आधी भरून ठेवल्या होत्या. माझ्या प्रोजेक्टरचा दिवा २४ व्होल्ट २५० वॉटचा होता, वरची काच चांगली तापते. स्पिरिट वापरतात काही जण, पण तापलेल्या दिव्यावर मुलांच्या जवळ मी ते करणार नाही, तूही करू नकोस. प्रोजेक्टरच्या काचेवर एक पारदर्शक प्लास्टिक आणि त्यावर कडा उचललेला ट्रे ठेव, सांडतं म्हणजे सांडतंच.

एडिसनकर

प्रयोगवेडा, एक सुचवतो. न्यूयॉर्कला फिलमोर ईस्टमध्ये जोशुआ व्हाइटचा लाइट शो असायचा, १९६८ पासून. ते पडद्याच्या मागून उजेड टाकायचे. समोरून टाकला तर बँडच्या लोकांच्या सावल्या मध्ये येतात आणि पडद्यावर गिटारवाल्याचं डोकं नाचतं. मागून टाकला की माणसं स्वच्छ आणि मागे रंग. पातळ पांढरी चादर चालेल, फक्त मागे जागा हवी.

प्रयोगवेडा

खरंय. आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना त्यांच्या टकलावर लाल तेल फिरत होतं. पुढच्या वेळी मागूनच.

नाशिकची_मावशी

तुमचं सगळं छान चाललंय, पण एक काळजीची गोष्ट सांगते. माझ्या भाच्याला, वय पंधरा, एका लग्नाच्या संगीताला डीजेचे फट् फट् उडणारे दिवे चालू असताना फिट आली. आधी कधीच नव्हती. त्या कार्यक्रमात कुणी थांबवायला तयार नव्हतं, सगळ्यांना वाटलं पोरगा नाचतोय. डॉक्टर म्हणाले ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या उजेडाने काही जणांना होतं, आणि सेकंदाला पंधरा ते पंचवीस वेळा लुकलुकणं सगळ्यात वाईट. तेव्हापासून मी असे दिवे दिसले की त्याला घेऊन बाहेर पडते. मुलांनो तेलाचे रंग करा, ते दिवे नको.

लाटा_लाटा

मावशी, तुम्ही अगदी मुळाला हात घातलात. उजेड सेकंदाला दहाच्या आसपास लुकलुकला आणि डोळे मिटलेले असतील तर बऱ्याच निरोगी माणसांनाही जाळ्या आणि नक्ष्या दिसतात. ग्रे वॉल्टर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने ह्यावर काम केलं होतं. ब्रायन गायसिन हा चित्रकार १९५८ मध्ये फ्रान्समध्ये बसने जात होता, रस्त्याच्या कडेला झाडं, मावळतीचा सूर्य, डोळे मिटले आणि रंगांची दाटी दिसायला लागली. त्यावरून पुढे त्याने फिरत्या नळकांड्याला भोकं पाडून दिवा केला. सायकेडेलिक कार्यक्रमांत स्ट्रोब आले त्यामागे हेच. म्हणजे सगळ्या युक्त्यांत ही एकटीच खरोखर मेंदूपर्यंत पोचते, आणि म्हणूनच धोकादायकही हीच.

निनाद७८

हे मला लोकलमध्ये झालंय!! विरारकडे जाताना खाडीच्या पुलावर, संध्याकाळी, खिडकीत डोळे मिटून बसलो होतो. पापण्यांवर लाल-काळी बुद्धिबळाची पाटी दिसली. मला वाटलं बीपी.

प्रयोगवेडा

हिशोब जमतो. गाडी ताशी ६० ने, म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. कठड्याचे खांब समजा दीड मीटरवर, तर सेकंदाला अकरा वेळा सावली. बीपी नाही.

लाटा_लाटा

मावशी, भाच्यासाठी एक. अचानक असा उजेड आला तर डोळे घट्ट मिटून उपयोग नाही, पापण्यांतून लाल उजेड आत जातोच. एका डोळ्यावर तळहात पूर्ण दाबून धरायचा आणि तोंड फिरवायचं. मला माझ्या न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या.

नाशिकची_मावशी

हे कुणीच सांगितलं नव्हतं गं. आजच त्याला दाखवते. थँक्यू.

स्पूलवाले_काका

पिळाबद्दल लिहायचं राहिलं होतं. रात्रपाळी, हे तुला घरी करता येईल म्हणून हिशोबासकट सांगतो.

एकच आवाज दोन मशीनवर एकदम वाजवा आणि एकाला केसभर मागे ठेवा. समजा एक हजारांश सेकंद. सेकंदाला ३८ सेंटिमीटरच्या मशीनवर हा उशीर म्हणजे टेपचा अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला, ०.३८ मिलिमीटरचा फरक. कानाला दोन आवाज वेगळे कळत नाहीत. पण ज्या स्वराचं कंपन तेवढ्या वेळात बरोबर अर्धं होतं, तिथे एका मशीनची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते आणि दोघी एकमेकींना खातात. एक हजारांशला ५०० हर्ट्झ गायब, मग १५००, मग २५००, असे कंगव्याच्या दातांसारखे खड्डे पडतात. उशीर कमी करून अर्धा केला की पहिला खड्डा १००० वर जातो. म्हणजे उशीर हळूहळू बदलत ठेवला की सगळे खड्डे एकदम वर किंवा खाली सरकतात आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखं 'शूऽऽऽ' होतं. मशीनला मागे ठेवायचं कसं? स्पूलच्या कडेवर अंगठा. आमच्या हाताखालच्या एका पोराने अंगठा इतका दाबला की टेपला सुरकुती पडली आणि जाहिरातीचा मास्टर गेला. अंगठा टेकवायचा, दाबायचा नाही.

लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत जॉर्ज कियांट्झने १९६७ मध्ये स्मॉल फेसेसच्या 'इचिकू पार्क'वर हे केलं, त्यातले ड्रम ऐक. आणि खऱ्या टेपची खूण अशी की एका मशीनला अंगठा लावून मागे टाकायचं, मग दुसऱ्याला लावायचा, म्हणजे ते पहिल्याला मागे टाकून निघून जातं. मध्ये एक क्षण दोन्ही बरोबर एकावर एक येतात. साध्या गिटार पेडलमध्ये उशीर शून्य होतच नाही, त्यामुळे तो क्षण नसतो. मुलं पेडल लावतात आणि म्हणतात तसं का वाटत नाही. म्हणून.

रात्रपाळी

काका, घरी टेप मशीन नाही पण लॅपटॉप आहे.

स्पूलवाले_काका

चालेल. ऑडासिटीत गाण्याची एक प्रत कर, म्हणजे दोन ट्रॅक. दुसऱ्याचा वेग फक्त ०.०१ टक्के कमी कर, ह्याहून जास्त नको. मिनिटाला सहा हजारांश सेकंद मागे पडेल. आता पहिला ट्रॅक तीन हजारांश सेकंद उजवीकडे सरकव. म्हणजे सुरुवातीला दुसरा पुढे, आणि बरोबर तिसाव्या सेकंदाला पहिला त्याला ओलांडतो. तो क्षण येतो का बघ. दोन्ही ट्रॅक मध्यावर ठेव, एक डाव्या कानात एक उजव्या कानात गेला तर काहीच होणार नाही. झांजा किंवा गर्दीचे ड्रम असलेला तुकडा घे. नुसत्या बासरीवर खड्डे पडले तरी कळत नाहीत.

सा_रे_मीरा

काका, मी तानपुऱ्यावर करून बघू का? त्यात तर स्वरांची रासच असते.

स्पूलवाले_काका

कर आणि इथे सांग. मी तानपुऱ्यावर कधी केलेलं नाही, तेव्हा हिंमत झाली नसती.

रात्रपाळी

(तीन दिवसांनी)

केलं. पहिल्या वेळी एक ट्रॅक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवला होता, काका म्हणाले तसं काहीच झालं नाही. दोन्ही मध्यावर आणल्यावर विसाव्या सेकंदापासून आवाज पिळायला लागला, खड्डे वर वर चढत गेले, आणि तिसाव्या सेकंदाला अचानक सगळं स्वच्छ, मोठं, जवळ आलं आणि लगेच परत खाली घसरत गेलं. अंगावर काटा आला. मग एक ट्रॅक उलटवून पाहिला, सॉफ्टवेअरमध्ये लाट उलटी करायची सोय असते ती. आता तिसाव्या सेकंदाला उलटं झालं, आधी बास गेला आणि मग क्षणभर सगळंच गायब, जणू कुणी खोलीतून हवा काढून घेतली. मला ते जास्त आवडलं.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आता मला वाटतं की आवाजवाल्यांना आतलं काही माहीत होतं किंवा नव्हतं, पण 'ओळखीची गोष्ट आहे तीच पण जागेवर नाही' हे त्यांनी बरोबर पकडलं. लेननचा आवाज लेननचाच असतो.

लाटा_लाटा

आवाजाबाबत मान्य. रंगांबाबत मी अजून नाही म्हणते.

सा_रे_मीरा

तानपुऱ्यावर केलं. खड्डे सरकतात तेव्हा तारेतला गंधार एकदम उघडा पडतो, मग पंचम, मग वरचे. जवारीतला दोरा सरकवताना जे होतं ते जवळजवळ हेच! गुरुजी असते तर त्यांना ऐकवलं असतं. मधल्या क्षणाला मात्र तानपुरा बेसूर वाटला, का ते कळलं नाही.

स्पूलवाले_काका

बेसूर? वेग ०.०१ च ठेवलास ना? ०.१ झाला असेल तर स्वर हलतो आणि तुझ्या कानाला ते कळणारच.

सा_रे_मीरा

०.०१ च आहे, दोनदा तपासलं. फाइल पाठवू का?

स्पूलवाले_काका

पाठव. रात्री ऐकतो.

प्रयोगवेडा

@रात्रपाळी ऑगस्टला वॉच ग्लास हव्या असतील तर माझ्याकडच्या तीन जोड्या नेऊ शकतोस, चौथी फुटली. मेणबत्तीचा रंग हिरवा आणू नकोस, निळ्या पाण्यावर तो मळकट दिसतो. लाल किंवा पिवळा.

एकओळी

मी पेन्सिल आणतो.